चार महिन्यांचं संशोधन अमेरिकेत: फॉर्ममधला चौथा आणि पाचवा रकाना

अमेरिकेतल्या एखाद्या प्रोफेसरची मेल येते: 'तुमचं काम आवडलं, ऑगस्टमध्ये चार महिन्यांसाठी आमच्या लॅबमध्ये या.' ती मेल गाईडला दाखवली जाते, विभागात पेढे वाटले जातात, आणि तीच मेल छापून व्हिसाच्या फायलीत पहिल्या पानावर लावली जाते. व्हिसाच्या दृष्टीने त्या मेलचं वजन जवळजवळ शून्य असतं. प्रोफेसर बोलावू शकतो, पण व्हिसासाठी लागणारा कागद काढण्याचा अधिकार त्याला नसतो. तो अधिकार विद्यापीठातल्या आंतरराष्ट्रीय कार्यालयाचा असतो. त्या कार्यालयातल्या ठरावीक अधिकाऱ्यांनाच सरकारच्या 'सेव्हिस' नावाच्या संगणकप्रणालीत तुमची नोंद करून फॉर्म डीएस-२०१९ काढता येतो. हा फॉर्म हातात आल्याशिवाय जे-१ या विनिमय कार्यक्रमांसाठीच्या व्हिसाचा अर्जच पुढे सरकत नाही.

म्हणजे कागद तीन प्रकारचे आहेत. पहिलं प्रोफेसरचं पत्र. दुसरे तुमच्याकडचे कागद: विद्यापीठाची एनओसी, रजा, फेलोशिपचं पत्र, बँकेचं स्टेटमेंट. या दोन्हींतून आंतरराष्ट्रीय कार्यालय तिसरा कागद तयार करतं, तो डीएस-२०१९. मुंबईच्या वकिलातीतला अधिकारी मुख्यतः हा तिसरा कागद वाचतो. त्यात नाव, तारखा, प्रकार आणि पैसे असे मोजकेच रकाने असतात. बहुतेक घोळ चौथ्या आणि पाचव्या रकान्यात होतात, म्हणून हा लेख मुख्यतः त्या दोघांविषयी आहे.

एक उदाहरण हाताशी धरू. कोल्हापुरात वनस्पतीशास्त्रात पीएचडी करणारी एक संशोधक आहे. चौथं वर्ष चालू आहे, सीएसआयआरची सीनियर रिसर्च फेलोशिप आहे, विषय सह्याद्रीतल्या सड्यांवरच्या, म्हणजे खडकाळ पठारांवरच्या, वनस्पतींचा. अमेरिकेच्या मध्य-पश्चिम भागातल्या एका विद्यापीठात तिला चार महिने जायचं आहे. तिथल्या प्रोफेसरकडून दरमहा १,००० डॉलर मिळणार आहेत.

'बी-१ वर या' या सल्ल्याचं काय करायचं

सगळ्यात आधी एक सल्ला बाजूला काढू. कधीकधी प्रोफेसरच म्हणतो, 'चार महिनेच तर आहेत, व्हिजिटर व्हिसावर या, आमच्या कार्यालयाच्या कटकटीतून सुटाल.' बी-१ या व्हिजिटर व्हिसावर परिषदेला जाता येतं, चर्चा करता येते, ग्रंथालयात बसून स्वतःचं स्वतंत्र संशोधनही करता येतं. मात्र त्या संशोधनाचा फायदा तिथल्या संस्थेला होता कामा नये आणि त्याबद्दल पगार मिळता कामा नये. व्याख्यानाचं मानधन घ्यायला एक छोटी खिडकी आहे: एका संस्थेत जास्तीत जास्त नऊ दिवस, आणि सहा महिन्यांत पाचपेक्षा जास्त संस्था नाहीत.

आपली संशोधक प्रोफेसरच्या प्रकल्पात डीएनए काढणार, त्याच्या अनुदानातून दरमहा पैसे घेणार, आणि पेपरवर दोघांची नावं येणार. हे बी-१ मध्ये बसत नाही. विमानतळावर अधिकाऱ्याने 'कशाला आलात' विचारल्यावर 'लॅबमध्ये काम करायला' हे खरं उत्तर दिलं, तर तिथूनच परतीच्या विमानात बसावं लागू शकतं. त्यामुळे तिच्यासाठी जे-१.

चौथा रकाना: तुम्ही कोण म्हणून जाताय

जे-१ हा एक व्हिसा असला तरी त्यात बरेच प्रकार आहेत, आणि चौथ्या रकान्यात त्यातला एकच लिहिला जातो. संशोधनाच्या छोट्या मुक्कामासाठी तीन प्रकार समोर येतात.

'शॉर्ट-टर्म स्कॉलर' हा जास्तीत जास्त सहा महिन्यांचा प्रकार आहे. सहाच्या पुढे मुदत वाढत नाही, कुठल्याही कारणाने नाही. 'रिसर्च स्कॉलर' किमान तीन आठवड्यांचा आणि कमाल पाच वर्षांचा असतो. 'स्टुडंट इंटर्न' हा भारतात पदवी चालू असलेल्या विद्यार्थ्यांसाठी आहे. त्यात आठवड्याला किमान ३२ तासांचं प्रशिक्षण आणि डीएस-७००२ नावाचा स्वतंत्र प्रशिक्षण-आराखडा लागतो. त्या आराखड्यावर प्रोफेसरचीही सही लागते आणि ती मिळवताना महिना जातो.

चार महिन्यांसाठी पहिले दोन्ही प्रकार चालतात, म्हणून विद्यापीठातला कारकून सवयीने 'रिसर्च स्कॉलर' टाकून मोकळा होतो. 'पुढे मुदत वाढवता येईल' हे कारणही सांगितलं जातं. खाचखळगा इथेच आहे. रिसर्च स्कॉलर म्हणून तुमचा कार्यक्रम संपला की पुढची २४ महिने तुम्हाला पुन्हा रिसर्च स्कॉलर किंवा प्रोफेसर या प्रकारात जे-१ वर जाता येत नाही. मुक्काम चार महिन्यांचा होता की चार वर्षांचा, हा नियम बघत नाही. पाच वर्षांची मुभा तुकड्यातुकड्यांनी वापरता येत नाही. ती चार महिन्यांत वापरून परत आलात तर उरलेली मुभा बुडते.

आता आपल्या संशोधकाचं पुढचं वर्ष डोळ्यांसमोर आणा. ती डिसेंबरमध्ये परत येईल, पुढच्या उन्हाळ्यात प्रबंध सादर करेल, आणि त्याच लॅबमध्ये पोस्टडॉक मिळण्याची चांगली शक्यता आहे. अमेरिकेतले बरेचसे पोस्टडॉक जे-१ रिसर्च स्कॉलर म्हणूनच घेतले जातात. चार महिन्यांसाठी हाच प्रकार वापरला असेल तर पोस्टडॉकच्या वेळी २४ महिन्यांची आडकाठी उभी राहते. मग विद्यापीठाला एच-१बी काढावा लागेल, तो महाग आणि वेळखाऊ, आणि बऱ्याच लॅब त्याऐवजी दुसरा उमेदवार बघतात.

शॉर्ट-टर्म स्कॉलरला ही २४ महिन्यांची अट लागत नाही. आणखी एक १२ महिन्यांची अट आहे: गेल्या वर्षभरात सहा महिन्यांपेक्षा जास्त काळ जे व्हिसावर राहिलेल्याला लगेच रिसर्च स्कॉलर होता येत नाही. शॉर्ट-टर्म स्कॉलर म्हणून केलेला मुक्काम यात धरत नाहीत. तेव्हा सहा महिन्यांच्या आतलं काम असेल आणि पुढे पोस्टडॉकचा विचार असेल, तर शॉर्ट-टर्म स्कॉलर मागून घ्या. मात्र तो प्रकार पीएचडी चालू असलेल्याला द्यायचा का, हे विद्यापीठाच्या धोरणावर असतं. काही विद्यापीठं देतात, काही स्टुडंट इंटर्नचाच आग्रह धरतात. विचारायची वेळ फॉर्म निघण्याआधीची आहे. अमेरिकेत पोहोचल्यावर शॉर्ट-टर्मचा रिसर्च स्कॉलर सहसा करून मिळत नाही.

प्रोफेसरचं पत्र: काय हवं, काय नको

प्रोफेसर लोक पत्र फार प्रेमाने लिहितात आणि फार मोघम लिहितात. 'आमच्या गटासोबत काम करायला आपलं स्वागत आहे, आपल्या येण्याची आतुरतेने वाट पाहतोय' एवढ्यात ते संपतं. यात 'काम' हा शब्द आहे, पण तारखा नाहीत, पैसे नाहीत, ठिकाण नाही. वाचणाऱ्याला ही नोकरी वाटू शकते किंवा सहलही.

नीट पत्र विद्यापीठाच्या लेटरहेडवर असतं आणि साध्या वाक्यांत पाच-सहा गोष्टी सांगतं. पासपोर्टवर आहे तसं पूर्ण नाव, जन्मतारीख आणि सध्याचं पद. पहिल्या आणि शेवटच्या दिवसाची तारीख. 'ऑगस्ट ते डिसेंबर' असं मोघम चालत नाही. कुठल्या इमारतीत, कोणाच्या देखरेखीखाली. काय करणार, हे वनस्पतीशास्त्र न शिकलेल्या माणसाला कळेल अशा दोन-तीन ओळींत. पैसे कोण किती देणार, आणि काय देणार नाही. शेवटी, हा मुक्काम पदवीसाठी नाही आणि परतल्यावर उमेदवार आपल्या विद्यापीठात पीएचडी पूर्ण करणार आहे, हे एक वाक्य.

पैशाची ओळ अशी असावी: 'मुक्कामाच्या चार महिन्यांत आमचा प्रकल्प दरमहा १,००० डॉलर, म्हणजे एकूण ४,००० डॉलर देईल. विमानभाडं आणि विमा उमेदवार स्वतः करील.' 'आर्थिक सहाय्य केलं जाईल' एवढंच लिहिलं तर आंतरराष्ट्रीय कार्यालय ते शून्य धरतं, कारण त्यांना पाचव्या रकान्यात आकडा भरायचा असतो. पत्राचा मसुदा आपणच करून पाठवला तर बहुतेक प्रोफेसर त्यात एखादा शब्द बदलून सही करतात. यात संकोचण्यासारखं काही नाही, त्यांचा वेळ वाचतो.

विषयाच्या ओळीत एक काळजी घ्या. संवेदनशील तंत्रज्ञानाकडे बोट दाखवणारे शब्द गरज नसताना घालू नका, आणि गरज असेल तर लपवूही नका. सड्यावरच्या फुलांच्या जनुकीय नात्यांचा अभ्यास असेल तर तेवढंच लिहा, 'प्रगत जैवतंत्रज्ञान' हे बिरूद उगाच चिकटवू नका. आणि नमुने बरोबर न्यायचे असतील तर ते व्हिसाच्या पत्राने सुटत नाही. वाळलेलं रोप पिशवीत टाकून निघण्याआधी राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाच्या अटी आणि अमेरिकेच्या कृषी खात्याचा आयात परवाना, दोन्ही बघावे लागतात.

भारतातल्या विद्यापीठाचं पत्र हे याचं जोडपत्र. त्यात कुलसचिवांची किंवा विभागप्रमुखांची सही असते: हजेरीतून किती दिवसांची सूट, फेलोशिप चालू राहणार की थांबणार, परतायची तारीख. प्राध्यापक असाल तर रजा कुठल्या प्रकारची आणि पगार चालू राहणार का, हेही. मुलाखतीत 'परत का येणार' याचं सगळ्यात भक्कम उत्तर हेच पत्र देतं. तारखा मात्र अमेरिकेच्या पत्राशी जुळल्या पाहिजेत. विभागाने रजा १ ऑगस्टपासून दिली आणि डीएस-२०१९ वर १५ ऑगस्ट असेल, तर निदान रजेच्या पत्रात 'प्रवासाच्या दिवसांसह' एवढं घालून घ्या.

नावाचा घोळ

मराठी नावात तीन शब्द: स्वतःचं, वडिलांचं किंवा नवऱ्याचं, आणि आडनाव. पासपोर्टवर साधारणपणे पहिले दोन शब्द 'गिव्हन नेम' या ओळीत आणि आडनाव वेगळ्या ओळीत असतं. प्रोफेसर मधलं नाव गाळतो, पदवी प्रमाणपत्रावर आडनाव आधी असतं, आणि लग्नानंतर नाव बदललं असेल तर तिसरंच रूप. डीएस-२०१९ वर पासपोर्टच्या तळाच्या दोन यंत्रवाचनीय ओळींत आहे तसंच नाव पाहिजे, बाकी कुठल्याही कागदावर काहीही असो. काही जुन्या पासपोर्टांत आडनावाची ओळ रिकामी असते आणि सगळं नाव गिव्हन नेममध्ये येतं. तेव्हा अमेरिकी प्रणाली ते सगळं आडनाव धरते आणि नावाच्या जागी FNU, म्हणजे 'पहिलं नाव माहीत नाही', असं छापते. मग विद्यापीठाच्या ओळखपत्रावर आणि बँकेत तेच FNU तुमचं नाव म्हणून फिरत राहतं. वेळ असेल तर आधी पासपोर्ट दुरुस्त करणं बरं.

जन्मगावाचंही तसंच. पासपोर्टवर 'औरंगाबाद' छापलं असेल तर फॉर्मवर औरंगाबादच, छत्रपती संभाजीनगर नाही. पासपोर्ट नवीन काढाल तेव्हा जे छापून येईल ते पुढच्या फॉर्मवर.

पाचवा रकाना: पैशांचा हिशेब

या रकान्यात फॉर्मच्या पूर्ण मुदतीत एकूण किती डॉलर, आणि ते कोणाकडून, हे लिहिलेलं असतं. यजमान विद्यापीठ, अमेरिकी सरकार, तुमचं सरकार, इतर संस्था, स्वतःचे पैसे अशा ओळी असतात. किमान किती लागतात हे प्रत्येक विद्यापीठ आपल्या शहराच्या खर्चाप्रमाणे ठरवतं, त्यामुळे न्यूयॉर्क किंवा कॅलिफोर्नियाचा आकडा मध्य-पश्चिमेच्या आकड्यापेक्षा बराच मोठा असतो.

आपल्या उदाहरणात धरू की विद्यापीठाला राहण्याखाण्यासाठी महिना २,००० डॉलर दाखवायला हवेत आणि विमा महिना १०० डॉलर. चार महिन्यांचे ८,४०० डॉलर झाले. त्यातले ४,००० प्रोफेसरचे. उरले ४,४००.

सीनियर रिसर्च फेलोशिप जानेवारी २०२३ पासून महिना ४२,००० रुपये आहे. चार महिन्यांचे १,६८,००० रुपये. एका डॉलरला ९० रुपये धरले तर साधारण १,८६० डॉलर. म्हणजे भारतात ज्या रकमेत नीट भागतं, ती तिथे महिन्याचा पाव खर्चही उचलत नाही. उरले २,५४० डॉलर, म्हणजे २,२८,६०० रुपये. ते स्वतःच्या खात्यातून किंवा आईवडिलांच्या खात्यातून दाखवायचे. रुपया घसरला तर तूट पडू नये म्हणून स्टेटमेंटवर पावणेतीन-तीन लाख असलेले बरे.

कुठले पैसे 'पैसे' धरले जातात? ज्यांना आज हात घालता येतो ते. बचत खातं आणि मोडता येईल अशी मुदत ठेव चालते. पीपीएफ, एलआयसीची पॉलिसी, सोनं, गावची जमीन, फ्लॅटचं मूल्यांकन आणि सीएचं 'नेट वर्थ' प्रमाणपत्र विद्यापीठाच्या हिशेबात बहुधा धरत नाहीत. मुलाखतीत 'इथे मुळं आहेत' हे दाखवायला त्यांचा थोडा उपयोग, पाचव्या रकान्यासाठी नाही.

स्टेटमेंटमध्ये दुसरी गोष्ट बघतात ती पैसा कधी आला. सहा महिने खात्यात वीस-तीस हजार असायचे आणि अर्जाच्या आठवड्यात अचानक तीन लाख जमा झाले, तर ते उसने आणलेत असं वाटतं. खरोखर ठेव मोडून आले असतील तर ठेव मोडल्याची पावती सोबत लावा, एवढ्याने प्रश्न मिटतो. वडिलांचे पैसे असतील तर त्यांचं पत्र, त्यांचं स्टेटमेंट आणि नातं दाखवणारा कागद लागतो. पत्रात 'मी माझ्या मुलीला २,५४० डॉलरपर्यंत देईन' असा आकडा हवा, 'सर्व खर्च करीन' असं मोघम नको. स्टेटमेंट बँकेच्या शिक्क्याचं, ताजं आणि इंग्रजीत. सहकारी बँकेचं पासबुक मराठीत असेल तर बँकेकडून इंग्रजी बॅलन्स सर्टिफिकेट मागून घ्या.

विमानभाडं सहसा पाचव्या रकान्यात धरत नाहीत, पण ते लागणार तर आहेच. ते कोण भरणार याचं उत्तर तोंडावर हवं.

फेलोशिप कुठल्या ओळीत लिहिली जाते

इथे दोन मिनिटं थांबायला हवं, कारण हा खड्डा बहुतेकांना दिसतच नाही.

जे-१ वर गेलेल्या काही जणांना 'परत जाऊन दोन वर्षं मायदेशी राहा' ही अट लागते. कायद्यातल्या कलमावरून तिला २१२(ई) म्हणतात. ती लागली की दोन वर्षं भारतात काढेपर्यंत एच-१बी, एल-१ किंवा ग्रीन कार्ड मिळत नाही. विद्यार्थी, व्हिजिटर किंवा पुन्हा जे व्हिसा मिळू शकतो. अट मुख्यतः तीन कारणांनी लागते: डॉक्टरांचं उच्च वैद्यकीय प्रशिक्षण, मायदेशाला गरज असलेल्या विषयांच्या 'कौशल्य यादी'त तुमचा विषय असणं, आणि या मुक्कामाला अमेरिकी किंवा तुमच्या सरकारचा पैसा असणं.

कौशल्य यादीचं भूत भारतीयांच्या मानेवरून उतरलं आहे. ९ डिसेंबर २०२४ ला लागू झालेल्या नव्या यादीतून भारत बाहेर पडला, आणि केवळ जुन्या यादीमुळे ज्यांना अट लागली होती त्यांचीही सुटका झाली. त्यामुळे अजून व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारा 'भारतीयांना दोन वर्षांची अट लागतेच' हा सल्ला जुना आहे. सरकारी पैशाचं कारण मात्र तसंच आहे. फुलब्राइट-नेहरू फेलोशिपवर जाणाऱ्यांना अट लागते, आणि ते आधी सांगितलेलं असतं.

आता आपल्या संशोधकाचे १,८६० डॉलर बघा. ते सीएसआयआरचे, म्हणजे भारत सरकारच्या संस्थेचे. कार्यालयातल्या माणसाने ते 'उमेदवाराचं सरकार' या ओळीत लिहिले, की अधिकाऱ्याला वाटतं भारत सरकार या विनिमय कार्यक्रमाला पैसे देतंय. मग व्हिसावर आणि फॉर्मच्या खालच्या कोपऱ्यात अट लागू असल्याची नोंद होऊ शकते. खरं तर ही फेलोशिप पीएचडीसाठी आहे, या प्रवासासाठी दिलेली नाही. चार महिने कोल्हापुरातच राहिली असती तरी मिळाली असती.

लपवू नका. फॉर्म निघण्याआधी आंतरराष्ट्रीय कार्यालयाला मेल करा: ही नेहमीची पीएचडी फेलोशिप आहे, या भेटीसाठीचं अनुदान नाही, ती कुठल्या ओळीत दाखवणार? स्वतःचे पैसे पुरेसे असतील तर ८,४०० चा हिशेब फेलोशिपला हात न लावताही पूर्ण करता येतो, कारण फॉर्मवर लागेल तेवढाच पैसा दाखवायचा असतो. सरकारी महाविद्यालयातल्या प्राध्यापकाच्या चालू पगाराबाबतही हाच प्रश्न विचारून घ्यावा. उलट, परदेश भेटीसाठीच खास सरकारी अनुदान मिळालं असेल तर ते सरकारी ओळीतच जाणार, आणि अट गृहीत धरूनच निघायला हवं. नंतर सवलत मागायची तर भारताचं 'हरकत नाही' पत्र लागतं, ज्याला सगळे 'नोरी' म्हणतात. त्यासाठी राज्य सरकार, केंद्राचं शिक्षण खातं आणि पासपोर्ट कार्यालय यांच्याकडे कागद फिरतात. मंत्रालयात फाईल कशी चालते हे वाचकांना वेगळं सांगायला नको.

अट लागू आहे की नाही यावर अधिकाऱ्याने मारलेली खूण हा अंतिम शब्द नसतो. अमेरिकी परराष्ट्र खात्याच्या सवलत विभागाकडून अधिकृत मत मागता येतं. पण मूळ फॉर्मच नीट निघाला तर तिथवर जावंच लागत नाही.

विमा

जे-१ चा विमा कायद्याने ठरलेला आहे: प्रत्येक आजारासाठी किंवा अपघातासाठी १,००,००० डॉलर, मायदेशी वैद्यकीय हलवणुकीसाठी ५०,००० डॉलर, मृत्यू झाल्यास पार्थिव परत आणण्यासाठी २५,००० डॉलर, आणि स्वतःच्या खिशातून आधी भरायची रक्कम ५०० डॉलरपेक्षा जास्त नाही. विमा कंपनीला ठरावीक संस्थांचं मानांकनही लागतं, आणि भारतातल्या स्वस्त प्रवास विम्यांची गाडी बहुधा तिथेच अडते. म्हणून आधी विद्यापीठाला विचारा. बरीच विद्यापीठं स्वतःचीच पॉलिसी सक्तीने देतात, आणि मग इथे घेतलेले पैसे वाया जातात.

क्रम आणि वेळ

निघण्याच्या किमान चार महिने आधी सुरुवात करा. आंतरराष्ट्रीय कार्यालयाला फॉर्म काढायला बहुधा महिना-दीड महिना लागतो. त्याआधी इंग्रजी येतं का हे तपासलं जातं. प्रोफेसरने किंवा कार्यालयाने व्हिडिओ मुलाखत घेऊन लिहून दिलं तरी चालतं. आता डीएस-२०१९ मेलने पीडीएफ म्हणूनही येतो. तो छापून त्यावर सही करायची.

फॉर्म आला की वरच्या कोपऱ्यातला, N ने सुरू होणारा सेव्हिस क्रमांक घ्या आणि fmjfee.com वर आय-९०१ ही सेव्हिसची फी भरा. शॉर्ट-टर्म स्कॉलरला ती २२० डॉलर आहे. कार्डावर आंतरराष्ट्रीय व्यवहार आधी चालू करून ठेवा. पावती छापून ठेवा. मग डीएस-१६० हा ऑनलाइन अर्ज भरा आणि १८५ डॉलरची व्हिसा फी भरा. फीचे आकडे भरताना अधिकृत स्थळावर पुन्हा बघून घ्या. दोन अपॉइंटमेंट लागतात: एक बोटांच्या ठशांची आणि फोटोची, दुसरी वांद्रे-कुर्ला संकुलातल्या वकिलातीत मुलाखतीची. जून २०२५ पासून जे अर्जदारांना आपली समाजमाध्यमांवरची खाती सार्वजनिक ठेवायला सांगितलं जातं, आणि डीएस-१६० मध्ये गेल्या पाच वर्षांतल्या खात्यांची नावं द्यावी लागतात.

मुलाखत दोन-तीन मिनिटांची असते. 'काय करणार?' या प्रश्नाला प्रबंधाचं शीर्षक सांगू नका. 'सह्याद्रीच्या खडकाळ पठारांवर पावसाळ्यात काही महिनेच फुलणाऱ्या वनस्पती आहेत, त्यांचं एकमेकींशी नातं डीएनएवरून शोधते; ते यंत्र आणि तुलनेचा संग्रह या विद्यापीठात आहे' एवढं पुरतं. पैशाच्या प्रश्नाला पाचव्या रकान्यातले आकडे तसेच सांगा. अधिकाऱ्यासमोर फॉर्म उघडा असतो. 'प्रोफेसर सगळा खर्च करतात' असं तुम्ही म्हणालात आणि फॉर्मवर ४,००० च असले, तर पुढचे प्रश्न वेगळ्या सुरात येतात.

कधीकधी मुलाखत चांगली होऊनही हातात २२१(जी)ची चिठ्ठी येते. म्हणजे आणखी तपासणी. रसायन, अवकाश, अणू, काही जैव विषयांत हे नेहमीचं. बायोडेटा, प्रकाशनांची यादी, संशोधनाचा आराखडा आणि यजमान प्रोफेसरचा पत्ता मागतात. ते आधीच एका पीडीएफमध्ये तयार असलं तर त्याच दिवशी पाठवता येतं. ceac.state.gov वर स्थिती बघितली की Refused दिसतं आणि घरात सुतक लागल्यासारखं होतं. तपासणी चालू असतानाही तिथे तोच शब्द दिसतो. चिठ्ठीवर कलम २१४(बी) लिहिलं असेल तर तो खरा नकार, म्हणजे परत येण्याबद्दल अधिकाऱ्याची खात्री पटली नाही. चिठ्ठी नीट वाचा, कलमाचा आकडा बघा.

तपासणी लांबली आणि डीएस-२०१९ वरची सुरुवातीची तारीख जवळ आली, तर लगेच विद्यापीठाला कळवून तारीख पुढे करून घ्या. कार्यालयाला सुरुवातीच्या तारखेपासून ३० दिवसांत तुम्ही आल्याची नोंद सेव्हिसमध्ये करावी लागते. ती झाली नाही तर फॉर्म निकामी होतो. उलट लवकर व्हिसा मिळाला तरी त्या तारखेच्या ३० दिवसांपेक्षा आधी अमेरिकेत शिरता येत नाही. नवा फॉर्म आला तर जुनी तिकिटं, रजेचं पत्र आणि विमा यांच्याही तारखा हलवाव्या लागतात. रजेचं पत्र बदलायला सगळ्यात जास्त वेळ लागतो, म्हणून ते आधी हातात घ्या.

पोहोचल्यावर पहिल्याच आठवड्यात राहत्या घराचा पत्ता घेऊन आंतरराष्ट्रीय कार्यालयात जा. विमानतळावरून थेट लॅबमध्ये जाऊन कामाला लागणारे, आणि महिन्याभराने 'अरे, तिथे जायचं राहिलंच' म्हणणारे, दर वर्षी निघतात. तोवर सेव्हिसमध्ये ते आलेलेच नसतात. प्रोफेसरचे १,००० डॉलरही नोंद झाल्याशिवाय सुरू होत नाहीत, त्यामुळे पहिल्या महिन्याचं घरभाडं, अनामत आणि किराणा एवढे पैसे इथूनच नेलेले असावेत. कार्यक्रम संपल्यावर फिरायला आणि आवराआवरीला ३० दिवस मिळतात. त्या दिवसांत लॅबमध्ये काम करता येत नाही, आणि एकदा देशाबाहेर पाऊल ठेवलं की त्याच व्हिसावर परत आत येता येत नाही. नायगारा कॅनडाच्या बाजूने बघायचा बेत असेल तर तो आधीच्या चार महिन्यांत उरकावा, कॅनडाचा व्हिसा आणि डीएस-२०१९ वर प्रवासासाठीची कार्यालयाची सही घेऊन.